मुलांचा फोन गुपचूप वाचणं : अनुभव लिहा

शेवंती
काल मावसबहिणीचा फोन आला. लेक पंधराची. "ती आंघोळीला गेली की तिचं व्हॉट्सॅप माझ्या लॅपटॉपला जोडते, तिला कळणार नाही ना?" ऐकलं आणि कुलूपवाल्या डायऱ्यांचे दिवस आठवले. डायरी वाचून जागच्या जागी ठेवली की खूण राहत नसे. फोनचं तसं आहे का? नेमकं काय दिसतं, कुठे फसतं, ज्यांना माहीत आहे त्यांनी लिहा. तिला उत्तर द्यायचंय.

तंबोरा
कळतं. जोडताना मुलीच्या फोनचा पिन किंवा बोट लागतं, म्हणजे पिन आधी चोरावा लागतो. जोडल्यावर तिच्या फोनमध्ये ‘Linked devices’ उघडलं की लॅपटॉपचं नाव आणि शेवटचा वापर कधी झाला ते सरळ दिसतं. पण बहुतेक मुलं तिथे बघतच नाहीत. त्यांना कळतं ते निळ्या टिकांवरून. लॅपटॉपवर चॅट उघडलं की ते मुलीच्या नावाने वाचलं जातं. तिच्या फोनवरचा न वाचलेल्याचा आकडा जातो आणि समोरच्या मैत्रिणीला निळ्या टिका दिसतात. मैत्रीण विचारते, वाचून उत्तर का नाही दिलंस? आणि मुलगी त्या वेळी वर्गात, फोन घरी. दोन-तीनदा असं झालं की ती शोधायला लागते.

कौलारू
टिका सेटिंगमधून बंद करायच्या. प्रश्न मिटला.

तंबोरा
@कौलारू, अर्धाच मिटतो. ते सेटिंग पूर्ण खात्याचं आहे. तुम्ही बंद केलं की मुलीलाही इतरांच्या टिका दिसेनाशा होतात, ते तिच्या पाच मिनिटांत लक्षात येईल. ग्रुपमध्ये तर टिका तरीही जातातच. आणि न वाचलेल्याचा आकडा जायचा तो जातोच.

मृदगंध७
आमच्याकडे गूगलचं फॅमिली लिंक आहे, त्यात सगळे मेसेज दिसतात. लपूनछपून करायची गरजच नाही.

अबोली_क
@मृदगंध७, मेसेज नाही हो दिसत. कुठलं ॲप किती वेळ वापरलं, नवीन ॲपला परवानगी, रात्री फोन बंद व्हायची वेळ, फोन कुठे आहे, एवढंच. आणि देखरेख चालू आहे हे मुलाला त्याच्या फोनवर दिसतं. मला तीच त्याची चांगली बाजू वाटते.

मृदगंध७
अरेच्चा. मग मी कुठे बघितलं होतं? यांना विचारते.

सदाफुली
विषय जरा वेगळा आहे, पण सासूबाईंच्या फोनमध्ये त्या यादीत एक अनोळखी विंडोज दिसतंय. आमच्याकडे विंडोज कोणाकडेच नाही. काढायचं कसं?

तंबोरा
@सदाफुली, त्या नावावर बोट ठेवा, ‘Log out’ येईल. मग फोनचा पिन बदला, कारण कोणीतरी तो फोन हातात घेऊन जोडलंय, किंवा सासूबाईंकडूनच कोड स्कॅन करून घेतलाय. व्हॉट्सॅपचा टू-स्टेप पिन लावाच, पण तो नवीन फोनवर नोंदणी अडवतो, असं जोडणं अडवत नाही.

सदाफुली
काढलं!! धन्यवाद. भाचा आला होता गेल्या महिन्यात...

कौलारू
मग ती लपून चालणारी ॲप्स बरी. टिकांची भानगडच नाही.

तंबोरा
तिकडे वळू नका, मनापासून सांगतो. गूगलच्या दुकानात तशी चालत नाहीत. तिथे मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या ॲपने सतत सूचना दाखवायची आणि स्वतःला लपवायचं नाही, असा नियम आहे. म्हणून लपणारं ॲप बाहेरून घ्यावं लागतं. त्यासाठी ॲप तपासणारं प्ले प्रोटेक्ट बंद करा, अनोळखी ॲप बसवायची परवानगी द्या, वर ॲक्सेसिबिलिटी चालू करा. ॲक्सेसिबिलिटी म्हणजे पडद्यावरचं सगळं वाचायची मुभा, पासवर्डसकट. चोराला नको म्हणून कडी लावतो ती आपणच काढून ठेवायची. आणि माहिती जाते ती परक्या कंपनीकडे. 2018 मध्ये मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या टीनसेफ ॲपचा सर्व्हर उघडा सापडला होता, त्यात मुलांच्या ॲपल खात्यांचे पासवर्ड जसेच्या तसे वाचता येत होते. त्या ॲपसाठी दोन टप्प्यांचं कुलूपही आधी काढायला लागायचं. म्हणजे ते पासवर्ड कोणाच्याही हाती लागले की खातं उघडं.

आरोही
मी मुलांच्या समुपदेशनात काम करते. टिकांपेक्षा पुढची अडचण मोठी आहे. वाचलेलं वापरता येत नाही. एक घर सांगते, ओळख पुसून.

मुलगी पंधराची. आईने असंच लॅपटॉपला जोडलं. तिसऱ्या आठवड्यात एका अनोळखी नंबरवरून फोटो मागणारे मेसेज दिसले. आईचे हातपाय गार पडले. तिने लॅपटॉपवरूनच त्याला ब्लॉक केलं आणि चॅट पुसलं. इथे दोन गोष्टी बिघडल्या. पुरावा गेला, आणि मुलीला वाटलं त्यानेच बोलणं तोडलं. चार दिवसांत तो इन्स्टाग्रामवर दुसऱ्या नावाने आला. लॅपटॉपवर इन्स्टाग्राम नव्हतं, म्हणून आईला आता शांतता दिसत होती. एकदाच उघडणारे फोटो तर लॅपटॉपवर मुळी उघडतच नाहीत, त्यामुळे खरं काय पाठवलं गेलं ते तिला आधीही कळलं नव्हतं.

शेवटी आईने सांगितलं. रात्री नाही, जेवतानाही नाही, दोघी शेजारी बसून. "मी तीन आठवडे तुझं व्हॉट्सॅप वाचलंय. त्या नंबरचे मेसेज पाहिले. मी तुझ्यावर चिडलेली नाही." मग ती यादी मुलीच्या हातून उघडली आणि लॅपटॉप तिलाच काढू दिला. आईने स्वतः गुपचूप काढलं असतं तर मुलीला कायम वाटत राहिलं असतं, की अजून कुठेतरी जोडलेलं आहे. मुलगी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी इन्स्टाग्राम तिने स्वतः दाखवलं.

अबोली_क
बापरे. पुढे?

आरोही
आधी स्क्रीनशॉट, नाव आणि नंबर दिसेल असे. मग रिपोर्ट, मग ब्लॉक. व्हॉट्सॅपला रिपोर्ट केलं की त्या माणसाचे शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, पण तिथेच चॅट पुसायचा पर्याय येतो, ती खूण काढायची. एक फोटो गेला होता, त्यासाठी Take It Down वापरलं. ते अठराखालच्यांसाठी आहे, फोटो कुठे पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याचा एक ठसा बनतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून फोटो ओळखून काढतात. पैसे मागितले असते तर द्यायचे नव्हते, दिल्यावर मागणी वाढते.

रानमेवा
वाचून घशात आवंढा आला. पण एक विचारू? आईने वाचलं नसतं तर हे कळलंच नसतं ना? मग वाचणं चूक कसं?

आरोही
@रानमेवा, प्रश्न रास्त आहे. त्या घरात ते वाचण्यामुळेच कळलं, हे मी नाकारत नाही. पण 2000 साली स्टॅटिन आणि केर यांनी स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास आहे. आईवडिलांना मुलांबद्दल जे ठाऊक असतं त्यातलं बरंचसं मुलं आपणहून सांगतात, पाळत ठेवून फार थोडं कळतं, असं त्यांना दिसलं. ती सांगण्याची वाट बुजली की हातात लॅपटॉपच उरतो. तरीही जीवाला धोका दिसत असेल, हातावर जखमा, मरणाबद्दलचं बोलणं, तर मी आईला थांबवणार नाही. फक्त त्याच दिवशी सांगायची तयारी ठेवून वाचा.

रानमेवा
मला अजून पूर्ण पटलं नाही. माझा अकराचा आहे, त्याच्यासाठी वेगळा विचार करेन. सोळाच्या मुलीचं मात्र नाही वाचणार.

कौलारू
रात्री फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, हा नियम कोणाकडे टिकलाय का? आमच्याकडे आठवडाभर टिकला.

अबोली_क
@कौलारू, आईबाबांचे फोनही तिथेच ठेवले तर टिकतो. आणि गजराचं साधं घड्याळ लागतं, नाहीतर "गजर लावायचाय" म्हणून फोन परत आत येतो.

शेवंती
बहिणीला आत्ता फोन लावला. तिने कालच जोडलंय. दोन चॅट उघडलीही.

तंबोरा
मग टिका गेल्या. मैत्रिणीने विचारायच्या आत बहिणीला आजच लेकीला सांगू द्या.