मदत हवी आहे: मैलांतला पेस किलोमीटरमध्ये बदलला आणि साडेचार तासांचे चार छत्तीस झाले

उशिराचाधावक:

नमस्कार मंडळी. पहिलीच फुल मॅरेथॉन आहे, सहा आठवडे उरलेत. लक्ष्य साडेचार तास. मित्राने दिलेला प्लॅन सगळा मैलांत आहे आणि माझं घड्याळ, रस्त्यावरच्या पाट्या, डोकं, सगळंच किलोमीटरमध्ये चालतं. प्लॅनमध्ये लिहिलंय: पेस १०:१८ प्रति मैल, पहिले तीन मैल त्यापेक्षा १५ सेकंद हळू.

मी १०.१८ ला १.६०९ ने भागलं, उत्तर आलं ६.३३. म्हणून घड्याळात ६:३३ प्रति किमी भरला. काल सहज म्हणून ६:३३ ने ४२.१९५ किमीला किती वेळ लागतो ते पाहिलं, तर ४ तास ३६ मिनिटं! सहा मिनिटं गेली कुठे? प्लॅन चुकलाय, की १.६०९ हा आकडा चुकीचा आहे?

ट्रेडमिलप्रेमी:

मलाही हाच घोळ झाला होता. सरळ उपाय सांगतो: मशीनवर ताशी ६ मैल टाका, तोच दहा मिनिटांचा मैल. तुमचा वेग त्याहून किंचित कमी, म्हणजे ५.८ च्या आसपास. इतका त्रास कशाला?

उशिराचाधावक:

दादा, मशीनवर नाही, रस्त्यावर धावायचंय. आणि माझ्या घड्याळात ताशी वेग नाही, मिनिट प्रति किमी दिसतं.

झटपटगणित:

भागाकार सोडा, ०.६२ ने गुणा. १०.१८ गुणिले ०.६२ म्हणजे ६.३१. म्हणजे ६ मिनिटं ३१ सेकंद. मी वर्षानुवर्षं असंच करतो, दोन-चार सेकंदांनी काही बिघडत नाही.

सेकंदकाटा:

झटपटगणित, ०.६२ ने गुणणं ठीक आहे हो, १.६०९ ने भागण्यासारखंच आहे ते. पण तुम्ही दोघेही एकाच खड्ड्यात पडलात, तेही दोनदा.

१०:१८ म्हणजे दहा मिनिटं अठरा सेकंद. ते १०.१८ नव्हे. मिनिटात साठ सेकंद असतात, शंभर नाहीत, त्यामुळे अठरा सेकंद म्हणजे ०.३० मिनिट. भागायची संख्या १०.३० होती. ही पहिली चूक. आता १०.३० ला १.६०९ ने भागलं की ६.४० येतं, आणि तेही ६ मिनिटं ४० सेकंद नव्हे. ०.४० गुणिले ६० म्हणजे २४ सेकंद. खरा पेस ६:२४. तुम्ही जाताना अपूर्णांक कमी धरलात आणि येताना उत्तराचे अपूर्णांक थेट सेकंद म्हणून वाचलेत. पहिल्या चुकीने पेस वेगवान व्हायला हवा होता, दुसरीने मंद. एकमेकींना थोडं खाऊनसुद्धा नऊ सेकंद प्रति किमी उरले, आणि नऊ सेकंद बेचाळीस वेळा म्हणजे सहा मिनिटांहून थोडं जास्त. तुमची हरवलेली मिनिटं ती.

मी स्वतः मिनिटं वापरतच नाही. आधी सगळ्याचे सेकंद करायचे: १०:१८ म्हणजे ६१८ सेकंद. ६१८ भागिले १.६०९३ म्हणजे ३८४. त्याची परत मिनिटं केली की ६:२४. दशांशचिन्ह मध्ये येतच नाही, तर चुकणार कुठे?

उशिराचाधावक:

अरे देवा. आता कळलं. मग तीन मैलांचं काय? १५ सेकंद हळू म्हणजे ६:३९ ठेवू ना?

सेकंदकाटा:

नाही नाही, ते १५ सेकंददेखील दर मैलामागचे आहेत! फरकही भागायला लागतो. १५ भागिले १.६०९ म्हणजे साधारण ९. म्हणजे सुरुवातीचा पेस ६:३३. गंमत बघा, तुमचा चुकीचा आकडा सुरुवातीसाठी नेमका बरोबर निघाला. पण तो बेचाळीस किमी नाही, पहिले पाचच. (तीन मैल म्हणजे ४.८३ किमी, पाच धरायला हरकत नाही.)

आणि अजून एक. नीट ६:२४ ने सगळं अंतर धावलात तरी ४:३०:०३ होतात. तीन सेकंद वर! त्यात सुरुवातीला ४५ सेकंद गमावणार, ते पुढे भरून काढायचे. म्हणून पाच किमीनंतर ६:२२ ठेवा. वाटेतले आकडे असे येतील:

५ किमी, ३२:४५
१० किमी, १:०४:३५
अर्धं अंतर, २:१५:१४
३० किमी, ३:११:५५
४० किमी, ४:१५:३५
शेवट, ४:२९:३३

हे मनगटावर चिकटपट्टीवर लिहून घ्या. धावताना गुणाकार होत नाहीत, तिशीनंतर तर अजिबात नाहीत.

शेवटचेदोन:

शेवटच्या ओळीवर मी अडखळले होते. माझ्या पहिल्या रेसला ४२ धरूनच हिशेब केला होता. चाळीसची पाटी दिसली आणि वाटलं दोन किमी राहिले, पण राहतात २.१९५. ते १९५ मीटर या पेसने सव्वा मिनिट खातात. मी लक्ष्याला चुकले ते तेवढ्यानेच.

मैलांत हे आणखी फसवं असतं. २६.२ असं सगळे म्हणतात, खरं अंतर २६ मैल ३८५ यार्ड. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकला विंडसर राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या कक्षापर्यंत हे अंतर होतं, आणि १९२१ मध्ये तेच अधिकृत झालं. २६.२ आणि खऱ्या अंतरात साधारण ३० मीटरचाच फरक आहे, तो सोडून द्या. पण मैल सरसकट १.६ धरलात तर सव्वादोनशे मीटरहून जास्त अंतर गायब होतं, ते मात्र जाणवतं.

वळणदार:

इतका सुंदर तक्ता बघून वाईट वाटतं, पण घड्याळ हे पाळू देणार नाही. मार्ग मोजतात तो शक्य तितक्या कमी अंतराच्या रेषेवरून, वळणं आतल्या बाजूने घेत. आपण गर्दीतून नागमोडी जातो, शिवाय जीपीएसची चूक वेगळी. माझ्या घड्याळात शेवटी ४२.६ दिसले होते. तसं झालं तर घड्याळावर ६:२४ पाळूनसुद्धा ४:३२:३८ होतात. साडेचारसाठी घड्याळात ६:२० दिसायला हवा.

ओळखायची खूण सोपी: पाटी येण्याआधी घड्याळ किलोमीटर पूर्ण झाल्याचं वाजवायला लागलं आणि अंतर वाढतच गेलं, की समजा.

सेकंदकाटा:

बरोबर. म्हणूनच मी स्वयंचलित लॅप बंद ठेवतो आणि प्रत्येक पाटीशी हाताने बटण दाबतो. घड्याळाचा वेळ खरा, अंतर पाटीचं.

वळणदार:

मला ते जमत नाही. गर्दीत एखादी पाटी चुकली की पुढचा लॅप दोन किलोमीटरचा होतो आणि डोकं फिरतं. त्यापेक्षा ६:१८-६:२० चा पेस ठेवून फक्त दर पाच किमीला चिकटपट्टीशी वेळ ताडतो.

झटपटगणित:

म्हणजे मी इतकी वर्षं… जाऊ दे. आता जुन्या वहीतले पेस सगळे पुन्हा काढतो.

उशिराचाधावक:

सगळ्यांचे आभार. रविवारी लांब धाव आहे, २० मैल म्हणजे ३२.२ किमी. पहिले पाच ६:३३ ने, पुढे ६:२२ ने जाऊन बघतो. पाट्या नसलेल्या रस्त्यावर घड्याळ किती जास्त दाखवतं ते कसं तपासायचं, हे मात्र अजून कळलेलं नाही. मोजलेला ट्रॅक हाच एक उपाय का?