खेळाआधी सगळ्या मुलांचा ईसीजी सक्तीचा करावा का?

क्रीडाशिक्षक_गुहागर
आमच्या तालुक्यात नववीतला एक मुलगा कबड्डीच्या सरावात चढाई करताना कोसळला आणि गेला. आजारपण काहीच नव्हतं. शवविच्छेदनात हृदयाचा आकार, झडपा, रक्तवाहिन्या सगळं नीट निघालं. पालकसभेत मागणी आली आहे की स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक मुलाचा ईसीजी सक्तीचा करा. माझा पाठिंबा आहे. विरोध असेल तर कारणासकट लिहा.

खाडीपार
विरोध कसला? इटलीने १९८२ सालीच स्पर्धक खेळाडूंची तपासणी कायद्याने सक्तीची केली, त्यात ईसीजी आहे. तिकडे खेळाडूंचे अचानक मृत्यू घटले. आपल्याकडे शिबिर लावलं तर एका दिवसात अख्खी शाळा होते. ईसीजी नॉर्मल आला की पोरगं बिनधास्त खेळू दे.

डॉ_दापोली
शेवटचं वाक्य सोडून बाकी ठीक. त्या एका वाक्यानेच मुलं दगावतात.

इटलीत जो फायदा दिसला तो मुख्यतः हृदयाच्या स्नायूंच्या आजारांत. ते आजार ईसीजीत बऱ्याचदा खूण सोडतात. शिवाय तिथे व्यायाम करवूनही ईसीजी काढतात, तो भाग इथे कुणी सांगत नाही. इस्रायलनेही नंतर सक्ती केली, पण तिथल्या अभ्यासात मृत्यू घटलेले दिसले नाहीत.

आता असा आजार घ्या ज्यात हृदय दिसायला निरोगी असतं, सोनोग्राफी नॉर्मल, झोपवून काढलेला ईसीजीही नॉर्मल. त्याचं नाव लांबलचक आहे, आम्ही सीपीव्हीटी म्हणतो. हृदयाच्या पेशीत कॅल्शियमचं एक कोठार असतं, त्याच्या दाराचं जनुक बिघडलेलं असतं. एरवी दार बऱ्यापैकी बंद राहतं. धावताना किंवा घाबरल्यावर ॲड्रेनॅलिन वाढलं की दोन ठोक्यांच्या मधेच कॅल्शियम गळू लागतं, त्यातून अवेळी ठोके सुटतात आणि खालचे कप्पे वेडेवाकडे धडधडतात. रक्त पुढे जात नाही, मूल खाली पडतं. बऱ्याचदा ठोके आपोआप ताळ्यावर येतात, तेव्हा ते उठून बसतं. कधीकधी येत नाहीत.

माका_काय_ठाऊक
आमच्या वाडयेत एक झील असोच गेलो. पट्टीचो पोवणारो, खाडी आरपार करी. एक दिस उडी मारल्यान तो वर इलोच नाय. गावात सगळे म्हणत, जागेवाल्यान वढलो. माका तेवाच प्रश्न पडलेलो, पोवणारो बुडता कसो?

डॉ_दापोली
प्रश्न अगदी बरोबर. पोहता येणारं मूल पाण्यात पडल्या पडल्या हातपाय न मारता बुडालं, तर आधी बेशुद्ध झालं आणि मग बुडालं, अशी शंका घ्यायची असते. कागदावर मात्र 'बुडून मृत्यू' एवढंच लागतं आणि भावंडांना कुणी तपासत नाही.

एक केस सांगतो, ओळखू येऊ नये एवढे तपशील बदलून. अकरा वर्षांची मुलगी. खो-खोत पाठलाग करताना पडली, हातपाय झटकले, मिनिटभरात शुद्धीवर आली. फिट म्हणून औषध सुरू झालं. मेंदूचा आलेख नॉर्मल होता, तरीही. काही महिन्यांनी विहिरीत उडी मारताच बेशुद्ध झाली. काका शेजारीच होता म्हणून वाचली. फिटचा डोस वाढला. माझ्याकडे आल्यावर मी एवढंच विचारलं, झोपेत किंवा बसल्या जागी कधी झालंय का? आई म्हणाली, कधीच नाही, धावताना नाहीतर दचकल्यावरच. आणि मग हळूच, मोठा मुलगा खाडीत गेला.

ट्रेडमिलवर चढवली. सुरुवातीला आलेख स्वच्छ. ठोके ११५ च्या आसपास गेल्यावर एकेक अवेळी ठोका दिसू लागला, मग प्रत्येक दुसरा ठोका तसाच. १४० ला सलग पाच-सहा ठोक्यांची माळ आली, एक ठोका वर तोंड केलेला, पुढचा खाली. ट्रेडमिल थांबवली आणि मिनिटाभरात आलेख पुन्हा स्वच्छ. हा वरखाली नमुना दिसला की फार शंका उरत नाही. शॉक देण्याचं यंत्र आणि माणसं शेजारी असल्याशिवाय मात्र ही तपासणी करू नये.

सावंतवाडीची_आई
माझी मुलगी प्रार्थनेला उभी असताना दोनदा चक्कर येऊन पडली. हे वाचून हातपाय गार पडले. तिला घेऊन मुंबईला जाऊ का?

डॉ_दापोली
पडण्याआधी मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली होती का? बराच वेळ ताटकळत उभी होती का? तसं असेल तर ही बहुतेक साधी चक्कर. एक ईसीजी काढून घ्या, घरात तरुणपणी कुणी अचानक गेलंय का ते आठवा. ऐन धावण्यात, काहीही कळायच्या आत कोसळणं ही वेगळी गोष्ट.

ईसीजी_टेक्निशियन
डॉक्टर, तुम्ही ईसीजीला फारच मोडीत काढलंत. लाँग क्यूटी, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला जास्त वेळ लागणं, हाही आनुवंशिकच, त्यातल्या एका प्रकारात मुलं पोहतानाच जातात आणि तो साध्या ईसीजीत पुष्कळदा सापडतो. फक्त मशीनने छापलेला आकडा न वाचता पट्टीवर ते अंतर हाताने मोजावं लागतं. शिबिरात पाचशे पट्ट्या मोजायला कोण बसणार, हा खरा प्रश्न. नाहीतर निरोगी पोरांना खेळातून बाद केलं जाईल.

डॉ_दापोली
मान्य. काही लाँग क्यूटीवाल्यांचा झोपून काढलेला ईसीजीही नॉर्मल येतो, एवढी पुस्ती जोडतो.

खाडीपार
मग सगळ्यांनाच ट्रेडमिलवर घ्या की.

वैतागलेला_सरपंच
आमच्याकडून लहान मुलाची ट्रेडमिल करणारं ठिकाण गाठायला घाट चढून कोल्हापूर. एसटीचं भाडं, एक दिवसाची मजुरी. पाचशे पोरं नेता? बरं, आजार सापडला तर उपाय काय? छातीत मशीनच ना? लाखांचा खर्च.

डॉ_दापोली
नाही, आधी गोळ्या. नॅडोलॉल, ती मिळाली नाही तर प्रोप्रॅनोलॉल; भागलं नाही तर जोडीला फ्लेकेनाइड. छातीतल्या मशीनबद्दल या आजारात हात आखडता घ्यावा लागतो, कारण त्याच्या शॉकने मूल घाबरतं, ॲड्रेनॅलिन आणखी वाढतं आणि शॉकवर शॉक बसतात. गोळ्या चालू असताना मुलं दगावतात त्यामागे डोस चुकणं हे मोठं कारण असतं. गावच्या जत्रेला गेले, गोळी घरी राहिली, बरं वाटतंय म्हणून बंद केली. त्या मुलीला गोळ्यांवर पुन्हा ट्रेडमिल केली तेव्हा माळ गेली, सुटे ठोके उरले. आईच्या ट्रेडमिलवरही अवेळी ठोके दिसले, तिला आयुष्यात कधी चक्कर आलेली नाही. नेहमीच्या प्रकारात आईबाप दोघांपैकी एकाकडून आलं तरी पुरतं, प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. दुसरा एक प्रकार दोघांकडून यावा लागतो, म्हणून आते-मामे भावंडांच्या लग्नातल्या घरात मी जास्त खोदून विचारतो.

म्हणून माझा ठराव असा असेल: सगळ्यांना ईसीजी नको. धावताना, पोहताना किंवा दचकून पडलेलं प्रत्येक मूल आणि तरुण मृत्यू झालेल्या घरातली सगळी भावंडं ट्रेडमिलला पाठवा. मैदानावर शॉकचं यंत्र आणि छाती दाबायला शिकलेली चार माणसं ठेवा.

ईसीजी_टेक्निशियन
पण पहिल्याच झटक्यात जाणारं मूल तुमच्या गाळणीत कुठे अडकतं?

डॉ_दापोली
नाही अडकत. म्हणूनच यंत्र मैदानावर हवं.

क्रीडाशिक्षक_गुहागर
त्या मुलाची बहीण सातवीत आहे, माझ्याच संघात. घरचे म्हणतात, ती ठणठणीत आहे, विषय नको.

डॉ_दापोली
तपासणी होईपर्यंत तिला धावायला, पोहायला लावू नका. शवविच्छेदनावेळचं रक्त कुठे गोठवून ठेवलंय का विचारा. त्यावरून जनुक-चाचणी होऊ शकते. फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यावर ती नीट होत नाही. चाचणीत काही निघालं नाही तरी बहिणीची ट्रेडमिल चुकवायची नाही.

खाडीपार
म्हणजे शेवटी एका मुलीची तपासणी. बाकी शाळेचं काय? मी सभेत ईसीजीचीच मागणी लावून धरणार.

क्रीडाशिक्षक_गुहागर
धरा. मी दोन्ही मांडतो. बहिणीच्या घरी मात्र आज संध्याकाळीच जातोय, तिच्या मामाला सोबत घेऊन. तो समुद्रावर जातो, बोट लागली की बोलू म्हणालाय.