मदत हवी आहे: एसआयपीच्या तारखा विसरतो, आठवण कशी लावू?

नवशिका_नाशिक: गेल्या ऑगस्टपासून दोन एसआयपी चालू आहेत. इंडेक्स फंडात ३,५०० आणि डेट फंडात १,५००, दोन्ही ५ तारखेला. पगार ४ ते ७ च्या मध्ये कधीही होतो. या महिन्यात खात्यात फक्त १,२०० होते, दोन्ही हप्ते परत गेले आणि बँकेने दोनदा दंड कापला. आठवण कोणत्या तारखेला लावू? आणि वर्षातून एकदा काय बघायचं, तेही सांगा.

पैसाअडका: एक हप्ता चुकला तरी एसआयपी बंद होते. फंडवालेही दंड लावतात.

जोशीकाकू_ठाणे: माझी पोस्टात आरडी आहे. तिथं हप्ता चुकला की शंभराला एक रुपया दंड. त्यापेक्षा तेच बरं.

हिशेबनीस: काकू, ते वेगळं खातं. पैसाअडका, फंड दंड लावत नाही, बँक लावते, आणि तो प्रत्येक परत गेलेल्या हप्त्यामागे. म्हणून याला दोनदा बसला. मासिक एसआयपी लागोपाठ तीन हप्ते चुकल्यावर बंद होते.

नाशिककर, आठवणीआधी तारीख बदल. १० तारीख घे. बऱ्याचदा त्यासाठी जुनी बंद करून नवी लावावी लागते. वजावट सकाळी लवकर होऊ शकते, म्हणून पैसे ९ च्या रात्री खात्यात हवेत. गुगल कॅलेंडरमध्ये ८ तारखेला `Monthly on day 8` लाव आणि नोंदीत लिही: 'खात्यात ५,००० आहेत का?' १० ला रविवार आला तर पैसे पुढच्या कामाच्या दिवशी जातात. तोवर त्यांना हात लावू नकोस. कापले गेल्यावर युनिट दिसायला दोनेक दिवस लागतात, घाबरून दुसऱ्यांदा भरू नकोस.

नवशिका_नाशिक: आणि वार्षिक?

हिशेबनीस: वेगळी नोंद, वर्षातून एकच. समज, बारा हप्त्यांत इंडेक्समध्ये ४२,००० गेले, त्याचे ५१,००० झाले. डेटमध्ये १८,००० चे १८,६००. एकूण ६९,६००, त्यात इंडेक्सचा वाटा ७३ टक्के. तू ठरवलेला ७० होता. पाच टक्क्यांच्या आतला फरक, काही करायचं नाही. नोंदीत एवढंच लिही: वाटा किती, नॉमिनी लावलाय का, पगार वाढला तर हप्ता वाढवायचा का. वाटा फारच बिघडला तर विकण्याआधी नवे हप्ते डेटकडे वळव, कर वाचतो. विकायचंच झालं तर लक्षात ठेव, इंडेक्स फंडातला नफा दीर्घकालीन धरायला लागणारं वर्ष प्रत्येक हप्त्याच्या तारखेपासून वेगळं मोजतात.

पैसाअडका: आढावा मार्चमध्येच हवा. शेअर फंडावरचा वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त आहे, त्या वर्षाची सवलत ३१ मार्चला संपते.

हिशेबनीस: हे बरोबर. पण याच्या नऊ हजारांच्या नफ्याला त्याची काय घाई? मी एप्रिलमध्ये बघतो.

नवशिका_नाशिक: १० तारखेची एसआयपी टाकली. बँकेचा दंड परत मागता येतो का, कुणी मागितलाय?