‘अंतराल’ म्हणजे पिच की लीड? लेथच्या मराठी पुस्तकाबद्दल प्रकाशकाला लिहिलेलं पत्र

उद्यमबागकर

दुकानातल्या पोरांसाठी लेथचं मराठी पुस्तक घेतलं आणि त्यापायी एक जॉब बाद झाला. प्रकाशकाला पत्र लिहिलंय, अजून पोस्टात टाकलेलं नाही. तक्रार रास्त आहे की चूक आमचीच, तेवढं सांगा.

“महोदय, आपल्या पुस्तकात पान ४१ वर आट्याच्या एका शिखरापासून शेजारच्या शिखरापर्यंतच्या मापाला ‘अंतराल’ म्हटलं आहे. पान ६८ वर एका फेऱ्यात नट जितका पुढे सरकतो, त्यालाही ‘अंतराल’ म्हटलं आहे. पान ७२ च्या गिअरच्या तक्त्यावर नुसतं ‘अंतर’ लिहिलं आहे. डबल स्टार्ट स्क्रू करताना आमच्या मुलानं तक्त्यातली ५ ची ओळ धरली आणि ३२ मिमीची रॉड वाया गेली. असले अवघड शब्द घालून पुस्तक काढू नये. पुस्तक परत घ्यावं आणि रॉडचे व मजुरीचे पैसे द्यावेत.”

हिंडलगेकर

अण्णा, रागावू नका, पण पिच आणि लीड एकच असतं की. वीस वर्षं आटे पाडतोय, पिच २.५ म्हटलं की गिअर २.५ चे लावायचे, विषय संपला. पुस्तकानं एक शब्द वापरला तर बिघडलं कुठं? पोरगं कच्चं आहे, एवढंच.

मच्छेचा जुना टर्नर

हिंडलगेकर, तुम्ही वीस वर्षं सिंगल स्टार्ट पाडलेत म्हणून तुम्हाला एकच वाटतं. तिथं ते एकच असतं, हे खरं. डबल स्टार्टला नट एका फेऱ्यात दोन पिच सरकतो. पिच ५ असला तर लीड १०, आणि गिअर लावायचे ते लीडचे.

उद्यमबागकर, तुम्ही नेमकं काय घडलं ते लिहिलेलंच नाही. आटा कसला होता? लीड स्क्रू किती मिलीमीटरचा? दुसरा स्टार्ट कसा धरला?

उद्यमबागकर

फ्लाय प्रेसचा छोटा स्क्रू होता, चौकोनी आटा. ड्रॉइंगवर पिच ५, डबल स्टार्ट. लेथचा लीड स्क्रू ६ मिमीचा. पाहिजे होते १० ला ६, म्हणजे ५० चं गिअर चालवणारं आणि ३० चं चालणारं. पोरानं तक्त्यात ‘अंतर ५’ बघून ५० आणि ६० लावले.

टूल अडीच मिमी रुंद, खोली अडीच. पहिला आटा उतरला तेव्हा खाच अडीच आणि मधला उंचवटाही अडीच. दिसायला एकदम सुबक. पोरगं खूश. मग त्यानं गिअरच्या दातांवर खडूनं खूण करून स्पिंडल बरोबर अर्धा फेरा फिरवला आणि दुसरा आटा सुरू केला. तीनचार पास झाल्यावर मी जवळ गेलो तर टूल उंचवट्याच्या डोक्यावरून चाललेलं. खाच खोल होत नव्हती, उंचवटाच सगळीकडून सारखा बसत चालला होता.

मच्छेचा जुना टर्नर

बसणारच. लीड ५ वर अर्धा फेरा म्हणजे अडीच मिलीमीटर, आणि तुमचा उंचवटा नेमका तिथंच. तसाच शेवटपर्यंत पास घेत गेला असता तर आटा नावाला उरला नसता, २७ ची गुळगुळीत रॉड हातात आली असती.

एक गंमत सांगतो. पोरानं अर्धा फेरा न फिरवता वरची स्लाइड जॉबला समांतर लावून एका पिचनं, म्हणजे ५ नं पुढं घेतली असती, तर टूल परत पहिल्याच खाचेत उतरलं असतं. काही कापलंच गेलं नसतं आणि चूक तिथंच कळली असती. तीच चूक, पण दुसरा स्टार्ट कसा धरला त्यावर रॉड वाचणार की जाणार ते ठरलं.

आता माझं मत. पुस्तक चुकलंय, त्यात दुमत नाही. पण पोराला हे कुणी शिकवलं नाही का, की गिअर लावल्यावर पहिला पास नुसता खरवडल्यासारखा घ्यायचा आणि त्या रेघांवर स्केल ठेवायची? या रेघेपासून त्या रेघेपर्यंत १० दिसायला हवे होते, दिसले असते ५. अर्ध्या मिनिटाचं काम. मी असतो तर पैसे मागितले नसते.

निपाणीचा शेतकरी

सीमाभागात मराठी पुस्तकं आधीच कमी मिळतात, त्यात तुम्ही परत करा म्हणूलालाय? उद्या प्रकाशक म्हणेल, मराठीत काढायलाच नको. आयटीआयला गेलं की पोरांना कन्नड नाहीतर इंग्रजी. मग मराठी शाळेतनं आलेल्या पोरानं वाचायचं काय?

उद्यमबागकर

मराठीविरुद्ध तक्रार नाही हो मामा. मराठीत वाचता यावं म्हणूनच घेतलं होतं.

निपाणीचा शेतकरी

बरं, तसं असेल तर आमचंही ऐका. कडबाकुट्टीच्या माहितीपुस्तकात एका पानावर ‘पातं’ आणि दुसऱ्या पानावर ‘सुरी’. मला वाटलं दोन वेगळे भाग. दोन्ही मागवले. घरी आल्यावर बघतो तर एकच वस्तू, दोन नग. एक अजून माळ्यावर पडलाय.

टिळकवाडीचा इंजिनिअर

सगळा घोळ मराठी शब्द पाडण्याच्या हौसेचा आहे. दुकानात कुणी ‘अंतराल’ म्हणतं का? देवनागरीत ‘पिच’ आणि ‘लीड’ लिहा, लोकांना कळतं. पत्रात तेच मागा: सगळे कारखान्यातले शब्द जसेच्या तसे ठेवा.

खानापूरची मुद्रितशोधक

मी तांत्रिक पुस्तकांची प्रुफं तपासते, म्हणून एक विचारते. उद्यमबागकर, त्या पुस्तकात कुठं ‘पिचलेला’ हा शब्द आलाय का बघाल? तुटायला आलेला बोल्ट, पिचलेली रॉड, असं काही. दुरुस्तीच्या प्रकरणात शोधा.

उद्यमबागकर

हे कसं ओळखलं? पान ९३: “अंतराललेला बोल्ट तत्काळ बदलावा.” पोरं हसत होती, आम्हाला वाटलं छपाईची चूक.

खानापूरची मुद्रितशोधक

मग झालं काय ते मला दिसतंय. मजकूर आधी ‘पिच’ या शब्दानंच लिहिलेला होता. छापायच्या आधी कुणीतरी मराठी शब्द हवा म्हणून संगणकावर ‘पिच’ काढून सगळीकडे ‘अंतराल’ बसवला, तो बोल्टलाही बसला. तक्ता बहुतेक चित्र म्हणून वेगळा आलेला, म्हणून त्यात ‘अंतर’ राहिलं.

आता इंजिनिअरसाहेबांच्या मुद्द्याकडे. पान ६८ वरचा ‘अंतराल’ जर याच बदलातून आला असेल, तर तिथंही मुळात ‘पिच’च असणार, म्हणजे लीडच्या जागी पिच. गोंधळ मराठी शब्द येण्याआधीच झालेला होता. परत ‘पिच’ करून छापलं तरी तुमचा मुलगा ५० आणि ६० च लावणार.

म्हणून पत्रातलं “असले अवघड शब्द” हे वाक्य काढा. शब्द अवघड असणं ही तुमची तक्रारच नाही. दोन मापांना एक शब्द वापरला, ही तक्रार आहे. तुम्ही अवघडपणावर बोट ठेवलंत तर ते अंतरालचा पिच करतील, आभार मानतील आणि पान ६८ तसंच राहील.

आणि एक खरं सांगा. दुकानात तुम्ही स्वतः त्या स्क्रूला काय म्हणता?

उद्यमबागकर

...“दहाचा पिच, डबल.”

खानापूरची मुद्रितशोधक

बघा.

टिळकवाडीचा इंजिनिअर

बोलण्यात चालतं, समोर जॉब असतो. पुस्तकात नाही चालत. आणि पान ६८ ला मुळात ‘लीड’ही असू शकेल, दोन्ही शब्द बदलले असतील. तुमचा पुरावा फक्त पिचचा आहे. माझं म्हणणं मी सोडत नाही.

खानापूरची मुद्रितशोधक

शक्य आहे. बाकी ठिकाणी ‘लीड स्क्रू’ काय छापलंय, उद्यमबागकर?

उद्यमबागकर

‘लीड स्क्रू’च आहे सगळीकडे. पण ‘हाफ नट’ एका ठिकाणी ‘अर्धनट’ आणि दुसरीकडे ‘दुभागी चाकी’.

खानापूरची मुद्रितशोधक

‘लीड स्क्रू’ शाबूत आहे, म्हणजे ‘लीड’ शब्दाला कुणी हात लावलेला नाही. माझा कौल पान ६८ मुळातच चुकल्याकडे. खात्री मूळ मजकूर बघितल्याशिवाय नाही, हे मान्य. हाफ नटचं वेगळं. ती प्रकरणं दोन माणसांनी लिहिलेली दिसतात, आणि दोघांसमोर शब्दांची एक यादी नव्हती.

मच्छेचा जुना टर्नर

हाफ नट आणि मामांची कडबाकुट्टी एका जातीची. एका वस्तूला दोन नावं असली की माणूस अडखळतो, विचारतो, फार तर एक सुरी जास्त येते. दोन मापांना एक नाव असलं की कुणी विचारतच नाही, सगळं कळल्यासारखं वाटतं. पत्रात या दोन तक्रारी एकाच मापानं मोजू नका. हाफ नट शेवटी एका ओळीत टाका.

हिंडलगेकर

मघाचं मागं घेतो, डबल स्टार्ट माझ्या डोक्यात नव्हता. पण पोरानं स्केल लावली नाही हे राहिलंच की. पैसे कशाचे मागताय?

उद्यमबागकर

पत्र बदललं. मधला भाग आता असा:

“पान ४१ वरचा आणि पान ६८ वरचा ‘अंतराल’ ही दोन वेगळी मापं आहेत. सिंगल स्टार्टला ती सारखी येतात, डबल स्टार्टला दुसरं माप पहिल्याच्या दुप्पट असतं. पान ७२ च्या तक्त्यात दुसरं माप अभिप्रेत आहे, पण तसं लिहिलेलं नाही. त्यामुळे पिच ५, डबल स्टार्टला ५०/३० ऐवजी ५०/६० गिअर लागले. कोणतेही दोन शब्द ठेवा, पण दोन ठेवा, आणि या तीन पानांची दुरुस्तीची चिठ्ठी विकल्या गेलेल्या प्रतींसाठी काढा. पान ९३ वरचा ‘अंतराललेला’ हा शब्दही पाहावा.”

मजुरी काढून टाकली. रॉडचे पैसे ठेवलेत.

खानापूरची मुद्रितशोधक

तेही काढा. पैशाची ओळ दिसली की पत्र संपादकाकडे न जाता हिशेबाच्या टेबलावर जातं. मी पाहिलंय.

निपाणीचा शेतकरी

कशाला काढायचं? माझ्या सुरीचे कुणी दिले? निदान यांना तरी मिळू देत.

मच्छेचा जुना टर्नर

ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ती रॉड भंगारात घालू नका. खाचेचा तळ २७ आहे, टर्न करून २५ ची पिन आरामात निघेल. आणि ती पोरालाच काढू द्या.