३६ मिमी नाकाच्या ग्लायडरला आउटरनर डायरेक्ट की इनरनर + गिअर?

माळरान: ग्लायडरचं नाक आतून ३६ मिमी आहे, ४एस बॅटरी, १६x८ चा फोल्डिंग प्रॉप, चढताना साधारण ६००० आरपीएम हवेत. सगळे म्हणतात आउटरनरला टॉर्क जास्त, गिअर लागत नाही. मग स्पर्धेतले ग्लायडरवाले अजूनही बारीक इनरनरला प्लॅनेटरी गिअरबॉक्स का लावतात? मी २८२० आउटरनर बघून ठेवलीय, ती घेऊ का ५:१ वाली इनरनर?

थेट_ड्राइव्ह: आउटरनर, डोळे झाकून. गिअर म्हणजे आवाज, ग्रीस, दात झिजणं, शिवाय दरवेळी शे-दोनशे फ्लाइटनंतर उघडून बघा. आउटरनरला १४ मॅग्नेट असतात, म्हणजे आतच ७:१ चा मॅग्नेटिक गिअर बसवलेला आहे असं समजा, म्हणूनच ती हळू फिरते आणि जोर लावते. फुकट मिळालेला गिअर सोडून धातूचा कशाला लावायचा?

सुमेधा: फुकट काहीच नसतं हो. मी दोन्ही उडवलेत. गिअरवाल्या सेटअपने बॅटरीवरचा लोड कमी होतो असा माझा अनुभव आहे, मोटर निवांत असते म्हणून करंट कमी लागतो. बाकी आवाजाचं खरंय, वरून जाताना शिट्टीसारखा येतो.

तारवाला: सुमेधाताई, करंटचं तेवढं पटलं नाही, म्हणून आकडे मांडतो, याच प्रॉपचे. १६x८ ला ६००० वर फिरवायला शाफ्टवर साधारण ५०० वॅट लागतात, म्हणजे ०.८ न्यूटन-मीटर टॉर्क. लोडखाली बॅटरी १४ व्होल्टवर आली असं धरू. डायरेक्ट लावायची तर मोटर ५०० केव्हीची हवी. आता

```
Kt = 9.55 / Kv
9.55 / 500  = 0.0191
9.55 / 2500 = 0.00382
```

पहिली ओळ आउटरनरची, एका अँपिअरला ०.०१९१ न्यूटन-मीटर, म्हणून ०.८ साठी ४२ अँपिअर, नो-लोडचा धरून ४३. दुसरी ओळ ५:१ च्या इनरनरची, ती २५०० केव्हीची आणि ३०,००० आरपीएमवर फिरणार, तिच्या शाफ्टवर ०.८ चा पाचवा भाग आणि गिअरबॉक्सने खाल्लेले पाचेक टक्के धरून ०.१६८ लागतो, भागाकार केला की ४४ अँपिअर. म्हणजे जवळपास तोच. प्रॉपला जेवढी पॉवर लागते तेवढी लागतेच, केव्ही भागिले गिअर रेशो हा आकडा दोन्हीकडे ५०० आहे, तर बॅटरीला फरक कळणारच नाही. तुम्हाला करंट कमी दिसला असेल तर बहुतेक आधीची डायरेक्ट मोटर त्या प्रॉपला जास्त केव्हीची होती.

सुमेधा: हो, आधीची ७०० ची होती. बरोबर आहे मग, तुलना चुकीचीच केली मी.

थेट_ड्राइव्ह: मग झालंच की! करंट तोच, तर गिअर कशाला?

तारवाला: कारण मोटरला करावा लागणारा टॉर्क पाचपट कमी आहे, आणि मोटरचा आकार टॉर्कवर ठरतो, पॉवरवर नाही. टॉर्क येतो स्टेटर आणि मॅग्नेटमधल्या फटीतून, आणि तो त्या फटीच्या व्यासाच्या वर्गाने वाढतो, लांबीने नुसता सरळ वाढतो. आउटरनरमध्ये तांबं आत असतं आणि मॅग्नेट पातळ कवचात बाहेर, म्हणून ३५ मिमी मोटरची फट २८ मिमीवर येते. इनरनरमध्ये तांबं बाहेर आणि रोटर मध्ये, म्हणून २८ मिमीच्या कॅनमध्ये फट १४ वर. २८ आणि १४, दुप्पट, वर्ग केला तर चौपट. तेवढ्याच लांबीत आउटरनर चौपट टॉर्क देते, हा तिचा खरा फायदा आणि तो नाकारायचं कारण नाही. पण इनरनरला पाचवा भागच टॉर्क लागतोय, आणि ती हवी तेवढी लांब करता येते. अरुंद नाकात लांबी असते, व्यास नसतो. स्पर्धेतल्या लोकांचं गणित हे आहे.

आणि १४ मॅग्नेट म्हणजे ७:१ गिअर हे अर्धंच खरं आहे. इलेक्ट्रिकल वेगासाठी ते बरोबर, ६००० आरपीएमला ईएससीला ४२,००० दिसतात, ४ पोलच्या इनरनरला ३०,००० वर ६०,००० दिसतात, दोन्ही एकाच रेंजमध्ये, म्हणून लोखंडातला लॉसही फार वेगळा नसतो. पण मॅग्नेटची संख्या वाढवल्याने टॉर्क आपोआप तेवढ्या पट होत नाही. प्रत्येक पोलचा फ्लक्स कमी होतो म्हणून मागचं लोखंड पातळ चालतं, त्यामुळे फट अजून बाहेर सरकवता येते, टॉर्क तिथून येतो.

थेट_ड्राइव्ह: लोखंड पातळ असल्यामुळे असो की मॅग्नेटमुळे असो, हातात टॉर्क आला ना. मी त्याला गिअरच म्हणणार. वाइंडिंगचं तांबंही कमी लागतं, कारण टोकाकडची वळणं छोटी होतात, ते तुम्ही सांगितलं नाही.

तारवाला: ते सांगायचं राहिलं, बरोबर. नावाला माझी हरकत नाही, फक्त ७ ने गुणू नका.

होडीवाला: मी होडीत इनरनर वापरतो आणि माझ्या मते वेगाचा प्रश्नच नाही, उष्णतेचा आहे. आधी आउटरनर होती, बंद हलमध्ये हवाच नव्हती, वाइंडिंग जळलं. मग इनरनर बसवली, तिच्या कॅनवर पाण्याचं जॅकेट चढवलं, आता बोट ठेवता येतं. आउटरनरवर जॅकेट चढवणार कुठे, बाहेरचा भागच फिरतो. तर माळरान, तुम्ही पाण्याची नळी कुठून आणणार ते आधी ठरवा.

माळरान: दादा, माझं विमान आहे, पाणी नाही 🙂 मोटर ३० सेकंद चालते आणि मग प्रॉप मिटून तरंगत राहते.

होडीवाला: अरे हो, ग्लायडर. वाचलं नाही नीट. पण उष्णतेचा मुद्दा लागू आहेच.

तारवाला: आहे, दादांचा मुद्दा चांगलाय. वरच्या हिशोबात प्रॉपसाठी बॅक-ईएमएफ १२ व्होल्ट झाला, १४ मधले उरलेले २ व्होल्ट तारेत गेले, ४३ अँपिअरने गुणले तर ८६ वॅट तांब्यात. दोन्हीकडे तेवढेच. इनरनरमध्ये तांबं कॅनला चिकटलेलं असतं, उष्णता थेट बाहेर. आउटरनरमध्ये ती मधल्या नळीतून पुढच्या बेसमध्ये आणि बल्कहेडमध्ये जाते, बाकी हवेवर. नाक बंद असेल तर ३० सेकंद निभतील, लागोपाठ चार चढ निभतील का ते खात्रीने सांगता येत नाही. साधे निओडायमियम मॅग्नेट ८० अंशांच्या पुढे कमजोर व्हायला लागतात. कळायला सोपं आहे, नवी असताना नो-लोडला ठराविक व्होल्टेजवर किती आरपीएम येतात ते लिहून ठेवा. मॅग्नेट मेले की तेवढ्याच व्होल्टेजवर मोटर *जास्त* वेगाने फिरते आणि अँपिअरमागे टॉर्क कमी देते. लोक उलटं समजतात, वेग वाढला म्हणजे मोटर मोकळी झाली असं वाटतं.

सुमेधा: माळरान, तुम्ही २८२० म्हणालात, त्यातले २८ हे स्टेटरचे आहेत की बाहेरचे बघितलं का? काही मोटरवर स्टेटरचा व्यास छापतात, काहींवर बाहेरचा. स्टेटरचा असेल तर बेल ३५ मिमी असणार.

माळरान: आत्ता ड्रॉइंग उघडलं. बाहेरून ३५ च आहे. ३६ मध्ये ३५ बसते ना?

सुमेधा: बसते आणि तिथेच घात होतो. ग्लायडरमध्ये बेस पुढच्या बल्कहेडला स्क्रू करता, तारा पुढून निघतात आणि बेल मागे फिरते, म्हणजे तीन तारांना फिरणाऱ्या बेलच्या बाजूने मागे ईएससीपर्यंत जावं लागतं. तुमच्याकडे प्रत्येक बाजूला अर्धा मिमी आहे. माझं असंच झालं, ३९ च्या नाकात ३५ ची बेल, तारा चपट्या करून टेपने फ्युजलाजला चिकटवल्या होत्या, उन्हात टेप सुटला. चौथ्या चढाला बेलने इन्सुलेशन खाल्लं, दोन फेज एकमेकींना लागल्या आणि ईएससी गेला. नंतर बेलवर गोल काळी रेघ होती, तुमच्याकडे अशी चमकदार किंवा काळी रेघ दिसली तर तिथेच थांबा.

थेट_ड्राइव्ह: ठीक, ३५ ची नाही बसत. पण म्हणून गिअरबॉक्सच का? बाहेरून २८ मिमीची आउटरनर घ्या, प्रॉप १३x८ करा. तेवढ्याच ५०० वॅटला ८००० आरपीएम येतील, टॉर्क ०.८ वरून ०.६ वर उतरला, केव्ही साधारण ६६०. गिअर नाही, तारांना जागा आहे, वजनही कमी.

तारवाला: टॉर्क पाव हिश्शाने उतरला, पण २८ च्या आउटरनरची फट बाविसेक मिमीवर आली. २२ चा वर्ग ४८४, २८ चा ७८४, म्हणजे तेवढ्याच लांबीत टॉर्क जवळपास ४० टक्क्यांनी उतरला. मोटर लांब घ्यावी लागेल, आणि लांब आउटरनरची बेल एकाच टोकाला धरलेली असते, मागचं टोक हलायला लागतं. शिवाय छोटा प्रॉप ग्लायडरच्या चढाच्या वेगाला हवा उगाच जोरात ढकलतो, चढ कमी मिळतो.

थेट_ड्राइव्ह: मागे तिसरं बेअरिंग असलेल्या लांब आउटरनर मिळतात. आणि चढ किती कमी मिळतो ते उडवून मोजल्याशिवाय मी मान्य करणार नाही. गिअरबॉक्सचं वजन पण धरा.

तारवाला: मोजायला हवं, मान्य. वजन मात्र नाकात असेल तर बऱ्याच ग्लायडरमध्ये नाहीतरी शिसं घालावंच लागतं.

सुमेधा: गिअर घेतलात तर एक आठवणीने करा, ईएससीमध्ये ब्रेक सॉफ्ट ठेवा आणि स्टार्ट पण सॉफ्ट. प्रॉप मिटायला ब्रेक लागतोच, पण हार्ड ब्रेकला ३०,००० वर फिरणारा रोटर एकदम थांबतो आणि प्रॉप फिरत राहायला बघतो, तो झटका प्लॅनेटच्या दातांवर. माझे एका सीझनमध्ये दोन सेट गेले, सेटिंग बदलल्यावर तिसरा अजून चालू आहे. मोटर बंद करून प्रॉप हाताने हलवा, खेळ वाढत चालला तर दात चाललेत.

माळरान: ईएससी मागे सरकवून तारा मोटरच्या मागून घेता येत नाहीत हे आत्ता कागदावर काढून बघितलं, बॅटरी मध्ये येते. ३५ ची बाद. इनरनरचा कॅन २८ आहे, गिअरबॉक्सचा पण २८ च, तारा मागून निघतात. १३x८ चा प्रॉप माझ्याकडे पडून आहे, एका मित्राची २८ ची आउटरनर महिनाभरासाठी मिळेल. आधी ती लावतो, अल्टिमीटर चढवून ३० सेकंदांचे चार चढ लागोपाठ घेतो, मग गिअरवाली. नो-लोड आरपीएम आज रात्रीच लिहून ठेवतो.

थेट_ड्राइव्ह: चौथ्या चढाचं तापमान पण लिहा, नुसती उंची नको.

होडीवाला: तापमान बेसवर घ्या, बेलवर नाही. बेल हवेने गार लागते.