मदत हवी आहे: स्लॅबला हिशेबापेक्षा ३ घनमीटर काँक्रीट जास्त लागलं, डायरीत काय लिहू?

नवखा_सिव्हिल
साइटवर इंटर्न आहे. काल पहिला स्लॅब भरला. स्लॅब १२ × ८.५ मीटर, त्यातून जिना ४.५ × २.५ आणि डक्ट १.२ × ०.९ वजा, जाडी १२५ मिमी. हे झाले ११.२१ घनमीटर. बीम २३० × ६०० चे, स्लॅबखालची खोली ४७५ धरली. कॉलमच्या तोंडापासून तोंडापर्यंत एकूण लांबी ६२ मीटर, म्हणजे ६.७७. बेरीज १७.९८, पण आरएमसीची चलनं २१ ची आहेत. सुपरवायझर म्हणतात, "वेस्टेज लिहून टाक." लिहू का?

पक्कं_माप
बीमची खोली पूर्ण ६०० धर, पावणेदोन घनमीटर तिथेच वाढतील. वेस्टेज ३ टक्के तर सगळेच धरतात. हिशेब जवळपास जुळला.

ओळंबा
वेस्टेजचं बरोबर, बीमचं नाही. वरचे १२५ मिमी स्लॅबच्या मापात आधीच आलेत, ते दोनदा मोजले जातील. जुळवण्यासाठी मापं वाढवली की पुढच्या बिलात पकडली जातात.

मूळ चूक वेगळी आहे. तोंडापासून तोंडापर्यंतचं माप बिलासाठी बरोबर, कारण तिथे सांध्यातलं काँक्रीट कॉलमच्या मापात जातं. पण कॉलम आधी बीमच्या तळापर्यंतच भरलेले असतील, तर तो सांधा काल स्लॅबबरोबर भरला गेला. बिलाचं माप आणि त्या दिवशी ओतलेलं काँक्रीट हे दोन वेगळे हिशेब आहेत, डायरीत दुसरा हवा. कॉलम किती आणि केवढे?

दुसरं, बाजूचं शटरिंग निघालं की जिन्याच्या आणि डक्टच्या कडेला जाडी मोजा.

शेवटचं_वर्ष
माझ्या कॉलेजला इंटर्नशिप डायरी रोज एक पान अशी हवी आहे. फॉरमॅट कुणाकडे आहे का? फोटो चिकटवले तर चालतील?

ओळंबा
ती कॉलेजची वही, इथे साइटच्या डायरीचं चाललंय. वेगळा धागा काढा.

नवखा_सिव्हिल
कॉलम १२, २३० × ४५० चे, बीमच्या तळापर्यंतच भरले होते. कडेला ८ ठिकाणी जाडी घेतली, सरासरी १३७ मिमी. पंपाची लाइन ४० मीटर होती, उरलेलं काँक्रीट बाहेर टाकलं.

अजून एक. भरण्याआधी कॉलमवरच्या १ मीटरच्या खुणेवरून स्लॅबच्या तळाची मापं घेतली होती. आज परत घेतली. कडेला २-३ मिमी फरक, पण मधल्या पॅनेलमध्ये तळ १४ मिमी खाली आलाय. तिथे जॅक भरावाच्या मुरुमावर आहेत, खाली फळ्या नाहीत.

ओळंबा
आधी काँक्रीट. सांधे ०.५९. जाडी १२ मिमी जास्त, म्हणजे सुमारे १.०८. १२५ मिमीच्या पाइपात ४० मीटरला अर्धा घनमीटर राहतो, हॉपरमध्ये थोडं आणखी. उरलं साधारण अर्धा.

१४ मिमी खचल्याने काँक्रीट फार खपत नाही, ४ × ४ च्या पॅनेलमध्ये जेमतेम ०.१. पण धाग्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. जॅक फिरवून वर उचलायला जाऊ नका आणि मिस्त्रीलाही जाऊ देऊ नका. कोवळा स्लॅब वरच्या बाजूने तडकतो. आजच साइट इंजिनिअरला लेखी कळवा. फळ्या टाकायच्या की जादा जॅक लावायचे, हे तेच ठरवतील. तोवर त्या पॅनेलखाली कुणी थांबायचं नाही आणि वर विटा, वाळू रचायची नाही. रोज त्याच बिंदूवर, शक्यतो बाहेरून लेव्हल मशीनने माप घ्या. आकडा वाढत असेल तर जमीन अजून बसतेय. क्युरिंगचं पाणी त्या भरावात मुरू देऊ नका.

पक्कं_माप
बीमचं माझं चुकलं. पण जाडी कडेलाच मोजली आहे, मध्ये १३७ कशावरून? कडेला मिस्त्री हात सैल सोडतो.

ओळंबा
मुद्दा रास्त आहे. म्हणून १.०८ हा अंदाज समजा. वरून लेव्हल घेऊन भरण्याआधीच्या तळाच्या लेव्हलशी वजाबाकी केली तर मधली जाडी कळेल, मात्र त्यात आता खचलेले मिमी मिळवावे लागतील.

डायरीत वेस्टेज शब्द नको. असं लिहा: "चलन २१.००, ड्रॉइंगप्रमाणे सांध्यांसह १८.५७, फरक २.४३. कडेची जाडी ८ ठिकाणी, सरासरी १३७. पंप लाइन ४० मी." प्रत्येक चलनाचा नंबर, प्लांटवर भरल्याची वेळ, गाडी रिकामी झाल्याची वेळ आणि स्लम्प लिहा. गाडीत पाणी टाकलं असेल तर तेही. चुकलं तर एक रेघ मारून सही करा, खाडाखोड नको.

नवखा_सिव्हिल
इंजिनिअर साहेबांना लेखी दिलं, ते संध्याकाळी येतायत. उरलेला अर्धा घनमीटर गाडीतच कमी आला असेल का?

वजनकाटा
असू शकतो, पण आता सिद्ध करता येणार नाही. पुढच्या वेळी एखादी गाडी भरलेली आणि रिकामी, दोन्ही वेळा काट्यावर घ्या. ६ घनमीटरला साधारण १४.४ टन भरायला हवेत.