रात्री दोनला मेलाटोनिन घेऊन सकाळी त्यालाच शिव्या कशाला?

घणसोलीकर: मेलाटोनिन ही शुद्ध लूट आहे. तीनशिवाय डोळा लागत नाही म्हणून 10 मिलीग्रॅमची गोळी रोज दोनला घेतली. झोप तीनलाच, वर सकाळी नऊच्या अलार्मला डोकं जड. यापेक्षा झोपेची गोळी बरी, निदान पाडते तरी.

चरईची फार्मासिस्ट: हे वाचून राहवलं नाही. दुकानात रोज हेच ऐकते. झोपेच्या गोळ्या मेंदूची धावपळच मंदावतात, म्हणून कधीही घेतल्या तरी पाडतात. मेलाटोनिन तसं पाडत नाही. ते रात्री शरीरात आपोआप बनतं आणि मेंदूतल्या घड्याळाला कळवतं की रात्र झाली. अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर झोप सरासरी सातेक मिनिटंच लवकर लागते. त्याची खरी ताकद घड्याळ सरकवण्यात आहे, आणि ते कुठे सरकेल हे वेळेवर ठरतं.

तुमचंच घ्या. सुट्टीच्या दिवशीही तीनला झोप येते ना? मग तुमचं स्वतःचं मेलाटोनिन साधारण एकला चढायला लागत असणार, झोपेच्या सुमारे दोन तास आधी. घड्याळ मागे ओढायचं तर बाहेरचा डोस त्याच्याही दोन ते चार तास आधी हवा. म्हणजे दहाच्या सुमारास, आणि तोही अर्ध्या मिलीग्रॅमच्या आसपास. दोनला शरीर स्वतःच ते बनवत असतं, तिथे घड्याळ फारसं हलत नाही. वर 10 मिलीग्रॅम सकाळपर्यंत रेंगाळतं. नऊला घड्याळ उठायची तयारी करत असताना ‘अजून रात्र आहे’ असा निरोप मिळाला तर ते उलट पुढे ढकललं जाऊ शकतं.

घणसोलीकर: दहाला घेतली आणि झोप आली नाही तर?

चरईची फार्मासिस्ट: येणारच नाही, तेव्हा झोपवण्यासाठी ती नाहीच. दिवे मंद ठेवा, मोबाइल लांब. उठल्यावर गॅलरीत उन्हात उभे राहा. झोप जशी अलीकडे येईल तशी गोळी आणि अलार्म अर्धा-अर्धा तास अलीकडे आणा. फक्त दोन-तीन दिवस करून निकाल लावू नका.

कासारवडवली: घड्याळ वगैरे ठीक आहे, पण घोडबंदरला रात्री अवजड गाड्या सुटतात त्याचं काय? खिडकीच्या काचा हलतात. आमच्या बेडरूममध्ये कुठलं मेलाटोनिन चालणार?

माजिवडा नाका: शंभर टक्के! त्यात मेट्रोचं काम. कोणी झोपेच्या तक्रारी केल्या की मला राग येतो, आधी हे बंद करा.

वाशी सेक्टर 17: गाड्या दिवसा सोडल्या की तुम्हीच ट्रॅफिकच्या नावाने ओरडता.

कासारवडवली: तुम्ही पामबीचवरून जाता म्हणून बोलताय. महिनाभर इथे राहा.

चरईची फार्मासिस्ट: आवाजाने मोडणाऱ्या झोपेवर मेलाटोनिन चालत नाही, हे मान्य. पण घणसोलीकरांचा प्रश्न आवाजाचा नव्हता.

महापे नाइट शिफ्ट: मी सकाळी आठला घरी येते आणि लगेच 5 मिलीग्रॅम घेते. छान लागते झोप. म्हणजे तुमची वेळ-बिळ बोगस?

चरईची फार्मासिस्ट: नाही ताई, तुमचं उदाहरण तेच सांगतं. शरीर स्वतः ते बनवत नसतं तेव्हा बाहेरच्या गोळीने थोडी गुंगी जाणवते. पण सुट्टीत रात्री झोपता आणि पुन्हा शिफ्ट धरता, तेव्हा घड्याळ कुठे टेकतं हे प्रत्येकाचं वेगळं. त्याला एक नियम मी सांगू शकत नाही.

महापे नाइट शिफ्ट: बरं, म्हणजे मी चूक नाही. एवढंच ऐकायचं होतं.

वाशी सेक्टर 17: सवय लागत नाही ना? मग आईची झोपेची गोळी आजपासून बंद करून हीच देतो.

चरईची फार्मासिस्ट: तसं अजिबात करू नका! मेलाटोनिनची सवय तशी लागत नाही, पण रोजची झोपेची गोळी अचानक सोडली तर झोप पार उडते, काहींना झटकेही येतात. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. आणि त्या फ्लुवोक्सामीन हे नैराश्यावरचं औषध घेत असतील तर आधी सांगा, त्याने मेलाटोनिन रक्तात फार वाढतं.

घणसोलीकर: अर्ध्या मिलीग्रॅमची गोळी कुठेच मिळत नाही, सगळीकडे 5 आणि 10. त्यामुळे लूट हा शब्द मी मागे घेणार नाही.

चरईची फार्मासिस्ट: डोसच्या बाबतीत तो राहू द्या. 3 मिलीग्रॅमची साधी गोळी घ्या आणि चतकोर करा. पाकिटावर ‘एसआर’, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी, असं लिहिलं असेल तर मात्र तोडायची नाही.

माजिवडा नाका: आणि घोडबंदरच्या ट्रकचं काय?